आईची म्हण, तीन तोंडांनी

मार्गासनीहून बैलगाडी निघाली तेव्हा गुंजवणीवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. भोरच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला मी निघाले होते. आई गाडीबरोबर चालत म्हणाली, "तितं तोंडाला येईल त्ये बोलू नगंस. शिकल्यासवरल्या मान्सांत राहायचंय तुला."

तिलाच तर सगळं तोंडावर बोलायची सवय! स्वतःला जमेना म्हणून कुणी दुसऱ्या कशावर खापर फोडलं, की ती अंगणाची म्हण ऐकवायची. समोरचा आधी ओशाळायचा, मग हसायचा.

भोरला पहिल्याच वर्षी संस्थानच्या दरबारचे एक अधिकारी वर्ग बघायला आले. खेड्यातल्या मुलींनी शिवलेल्या पोलक्यांच्या बाह्या वाकड्या होत्या. शाळेच्या मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या, "शेण-मातीचे हात हे. यांना शिवण जमायचं नाही. पुढच्या महिन्यापासून यांना वर्गात घेऊ नये."

आईची म्हण माझ्या ओठांवर आली. पण परक्यांदेखत ती म्हटली असती, तर बाईंना नुसता अपमान ऐकू आला असता, आणि मुली तर गेल्याच असत्या. मी अंगण काढून टाकलं, 'तुम्ही'च्या जागी 'आपण' घातलं आणि ठपक्याचा प्रश्न केला.

"बाई, दोष मुलींच्या हातांत आहे की आपल्या शिकवण्याच्या पद्धतीत, हे एकदा पाहावं असं वाटतं."

"आपल्या म्हणजे माझ्या ना?"

"माझ्याही, बाई."

त्यांनी समोरचं पोलकं घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं. दिवाळीपर्यंत पाहू."

पोरी राहिल्या. मी त्यांना कागदाची बाही आधी कापायला लावली. एकीनं कात्री आपटली, म्हणाली, "बोथट हाय ही!" तिला ना म्हण सांगितली, ना ते 'असं वाटतं'. म्हटलं, "कातरीला कशाला बोल लावतीस? हात बसला न्हाई अजून. बसंल." अर्थ तोच, फक्त त्यातला चिमटा काढून टाकलेला. दिवाळीला बाह्या सरळ आल्या. बाईंनी प्रत्येक बाही हातात घेऊन पाहिली. वर्ग चालू राहिला.

सुट्टीत गावी गेले. आईची भाकरी करपली, ती चुलीवर चिडली. माझ्या तोंडून सहज गेलं, "चुलीचा दोष नसावा, असं वाटतं."

आईचा हात थांबला. "माज्याशी बी अदबीनं बोलाया लागलीस व्हय?"

केवढं लागलं मला ते! जी अदब बाईंना जपत होती, तिनं आईला परकं केलं होतं. धूर डोळ्यांत गेला म्हणून मी डोळे पुसले आणि मग तिचीच म्हण, जशीच्या तशी, तिच्या तोंडावर मारली.

आई हसता हसता खाली बसली. "आत्ता आलीस गं घरी," म्हणाली.

आज भोरला माझं बिऱ्हाड आहे, माणसं आहेत. पण बोलताना एकही शब्द बदलावा लागत नाही, अशी जागा मी अजून आईपाशीच शोधते.