थरथरणारा गज

बेगिमायच्या हातून परीक्षेत तीन गोष्टी बिघडल्या आणि तिन्ही लागोपाठ बिघडल्या.

डिसेंबरचे दिवस होते. बिश्केकच्या तिच्या संगीतशाळेत गरम पाण्याच्या नळ्यांची ऊब सुरू झाली की हवा भाकरीच्या कोरीसारखी कोरडी व्हायची. आत जायला दोन मिनिटं असताना तिच्या व्हायोलिनची एक खुंटी सैल होऊन गर्रकन फिरली आणि तार उतरली. वेनेरा एजेकेंनी, म्हणजे तिच्या शिक्षिका वेनेराताईंनी, घाईघाईनं ती चढवली, पण बेगिमायचं मन तिथंच अडकलं. आता पुन्हा सुटेल, आता सुटेल.

समोर लांब टेबलामागे पाच परीक्षक. आधी तीन सप्तकांचे स्वर, संथ, एका गजात चार. पहिला गज निम्म्यावर आला आणि उजवा हात थरथरू लागला. गज तारेवर उड्या मारू लागला, तशी तिनं तो आणखी घट्ट धरला आणि थरथर दुप्पट झाली. मग पाठ केलेली चीज. बाराव्या ओळीला पुढचं काही आठवेना. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा बाराव्या ओळीला अंधार. तिसऱ्यांदा ती वाजवायचीच थांबली.

"हिला कुणी पुढे पाठवलं?" मंडळाची प्रमुख शेजारच्या बाईला म्हणाली. हळू म्हणाली असेल, पण खोलीच तशी घुमणारी होती. वेनेरा एजेके मान खाली घालून वहीत बघत राहिल्या. पाचपैकी 'तीन वजा', तीनला थोडे कमी, मिळाले, म्हणजे नापास न करण्याची मेहेरबानी.

घरी आल्यावर बेगिमायनं व्हायोलिनची पेटी कपाटावर ढकलली आणि म्हणाली, "संपलं."

"पाच वर्षं कान किटवलेस आमचे, आणि आता संपलं?" आई गुलझात म्हणाली. ती बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची, त्यामुळे तिच्याजवळ रागवायला वेळ थोडा होता, पण जेवढा होता तेवढा ती वाया घालवत नसे. "व्हायोलिन शाळेचं आहे. परत करून ये."

"उद्या."

ते उद्या सहा आठवडे झालं नाही. बेगिमायला घरात बसवेना, बाहेरही रमेना. मार्शरुत्कात, त्या छोट्या बसमध्ये, उभी असली की डाव्या हाताची बोटं दप्तराच्या पट्ट्यावर आपोआप पडत. पहिलं, दुसरं, चौथं. लक्षात आलं की ती मूठ आवळून घ्यायची. संध्याकाळी पाच वाजले की उगाच फ्रीज उघडायची, बंद करायची, गॅलरीत जायची.

"मुंगळा शिरलाय का अंगात?" आई एकदा ओरडली. "हे तळलेले बोरसोक घे आणि दमिरा एजेंना देऊन ये. दोन मिनिटं तरी घर शांत राहील."

दमिरा एजे, म्हणजे दमिराताई, शेजारच्याच दारी राहायच्या. साठीच्या, एकट्या, घरी पडदे शिवायच्या. दार उघडल्या उघडल्या त्यांनी ताटलीकडे न बघता विचारलं, "भिंत का गप्प झाली गं?"

बेगिमायनं ताटली पुढे केली.

"कुठं ठेवलंयस ते?"

"कपाटावर."

"तुमचं कपाट? ते तर गरम नळीला चिकटून आहे! लाकूड आहे ते, पोरी, वाळवायचं मटण नाही. आण इकडे."

बेगिमायनं पेटी आणून उघडली. चारही खुंट्या सुकून सैल झाल्या होत्या, तारा लोंबत होत्या आणि त्या पेलणारी लाकडी घोडी आडवी पडली होती.

"मोडलं," ती म्हणाली.

"गप्प." दमिरा एजेंनी शिवणयंत्राचा दिवा जवळ ओढला आणि वाद्याच्या अंगावरच्या वळणदार फटीतून आत डोकावल्या. "आतली काडी उभी आहे. ती पडली असती तर कारागिराकडे पळावं लागलं असतं. बाकीचं आपण करू."

त्यांनी एकेक खुंटी काढली, तिला कोरडा साबण चोळला, वर कापडावर आखायचा खडू. "साबणानं फिरते, खडूनं धरते. दोन्ही हवं." मग घोडी दोन्ही फटींच्या खाचांच्या बरोबर मध्ये उभी केली, उंच बाजू जाड तारेखाली. एक तार एकदम न ताणता सगळ्या थोड्या थोड्या चढवत गेल्या आणि दर वेळी घोडी पुढे झुकली की दोन बोटांनी मागे सरळ केली.

बेगिमाय बघतच राहिली. "तुम्हाला हे कसं येतं?"

"नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात होते. दुसऱ्या व्हायोलिनांत, शेवटच्या बाकावर. अकरा वर्षं. मग पगार थांबले आणि मी बाजारात पडदे विकायला बसले." त्यांनी व्हायोलिन पुढे केलं. "वाजव."

"नाही. माझा हात थरथरतो."

"बरं, मग मी वाजवते."

त्यांनी ते हनुवटीखाली धरलं, गज टेकवला आणि एक लांब स्वर ओढला. निम्म्यावर गज थडथडला. चक्क तसाच. बेगिमायनं आधी छताकडे बघितलं, मग तिला हसू आवरेना.

"हस, हस! बारा वर्षांच्या पोरीसमोर वाजवायचं म्हणून घाबरले मी." दमिरा एजेही हसल्या. "थरथर जात नाही गं, कुणाचीच. तू काय केलंस, ती आल्यावर?"

"घट्ट धरला."

"तिथंच चुकलीस. अंगठा ताठला की मनगट ताठतं, मग खांदा वर चढतो, मग श्वास अडतो. आता घे हे आणि बघ. गज तारेवर टेकव. ओढू नकोस. हाताचं वजन तारेवर सोड, दाबू नको. अंगठा वाकडा. श्वास बाहेर सोड, आणि तो जाताना गज ओढ."

बेगिमायचा स्वर खरखरला, पण सरळ निघाला.

"इथं बसून कुणालाही जमेल," दमिरा एजे म्हणाल्या. "आता खाली अंगणातल्या बाकापर्यंत पळत जा आणि पळत वर ये."

"काय?"

"चार मजले. परीक्षेत छाती कशी धडधडते? तशी धडधडव आणि मग वाजव."

त्या दिवसापासून जिन्यात रोज धावपळ सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा दार किलकिलं करून विचारायचे, "कुत्रं मागं लागलंय का?" बेगिमाय धापा टाकत वर यायची, गज टेकवायची, श्वास सोडायची. कधी जमायचं, बऱ्याचदा नाही. एकदा चिडून ती म्हणाली, "मी परत परीक्षा देणारच नाहीये."

"नको देऊस. पळ."

पाठांतराचंही त्यांनी बघितलं. "तुझी फक्त बोटं पाठ करतात, डोकं नाही. म्हणून अडलीस की पहिल्यापासून." त्यांनी स्वरलिपीवर पेन्सिलीनं पाच जागी खुणा केल्या. "प्रत्येक ठिकाणाहून थेट सुरू करता यायला हवं. अडलीस तर मागं नाही, पुढच्या खुणेवर उडी." त्या मध्येच टाळी वाजवायच्या, "चौथी!" आणि बेगिमायनं चौथीपासून सुरू करायचं.

मार्चमध्ये ती स्वतःहून वेनेरा एजेकेंकडे गेली. वर्गाच्या दारात बराच वेळ उभी राहिली. वेनेरा एजेकेंनी तिला बघितलं, पण त्या उठल्या नाहीत.

"मला वाटलं तू वाद्य परत द्यायला आलीस."

"परत शिकायला आले."

वेनेरा एजेकेंनी समोरची वही मिटली. "त्या दिवशी मी तुझ्या बाजूनं बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "काढ बाहेर."

मेमध्ये तीच खोली, तेच टेबल. दमिरा एजे आल्या नाहीत. कुणाच्या तरी लग्नाचे पडदे द्यायचे होते. बेगिमायनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. पहिल्या गजाला थरथर आलीच. तिनं अंगठा सैल सोडला, श्वास सोडला. दुसरा गजही जरा डुगडुगला. तिसऱ्याला हात स्थिरावला. चीज वाजवताना ती बाराव्या ओळीतून नीट पुढे गेली आणि विसाव्या ओळीला, जिथं कधीच अडली नव्हती, तिथं अडली. मग तिनं चौथ्या खुणेवर उडी घेतली. मधल्या दोन ओळी गळाल्या. पण ती शेवटपर्यंत गेली.

प्रमुख बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दोन ओळी खाल्ल्यास."

"हो," बेगिमाय म्हणाली.

"पण थांबली नाहीस."

चार मिळाले. घरी पोचताच ती जिने एका दमात चढली आणि दमिरा एजेंचं दार बडवू लागली. त्यांनी उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या.

"चार!" बेगिमाय ओरडली.

टाचण्या काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि विसाव्या ओळीचं काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या वेनेरानं फोन केला होता, मीच तिला कळव म्हणून सांगून ठेवलं होतं. ये आत, चहा पी, आणि ती ओळ वाजवून दाखव. तिथं तुझं तिसरं बोट नेहमीच जरा खाली, बेसूर पडतं, भिंतीपलीकडून ऐकते मी रोज."

बेगिमायनं पेटी उघडली. ती बसली नाही. चहा टेबलावर निवत राहिला.