साधनाताईंचे रंग आणि पिवळं पाणी

आमच्या गावात साधनाताईंच्या रागाला सगळेच टरकून असतात, पण तो राग येतो एकाच गोष्टीचा. लेकरांच्या तोंडात नको ते गेलं की बाई पेटतात. त्यांची अंगणवाडी आणि माझी शाळा एकाच भिंतीला आहेत, त्यामुळे माझ्या वर्गातल्या पोरांना पाढ्यांबरोबर ताईंचं ओरडणंही पाठ आहे.

होळीनंतरची गोष्ट. मदतनीस पारुबाईंनी घरी उरलेल्या रंगांच्या पुड्या आणल्या. ताईंनी त्या उचलून थेट बाहेर ठेवल्या. मग ताईंना निळा रंग हवा होता, तर पारुबाई कपड्यांची नीळ घेऊन आल्या!

"पारुबाई, लेकरं बोटं चाटतेत. नीळ पोटात घालता का त्यांच्या?"

ताईंचे रंग चुलीवर व्हायचे. मैदा पाण्यात कालवून, चिमूटभर मीठ टाकून, घोटून घोटून शिजवायचा आणि त्याची मऊ खळ गार होऊ द्यायची. एका वाटीत हळद, दुसरीत किसलेल्या बिटाचा रस, तिसरीत कुंपणावरच्या गोकर्णाची फुलं उकळून काढलेलं निळं पाणी. पिवळा, लाल, निळा. मूळ रंग एवढेच, बाकीचे लेकरांनी बोटांनी जन्माला घालायचे. खळ रोज ताजी; दुसऱ्या दिवशी वास आला की फेकून द्यायची.

पाठकोऱ्या कागदांवर लेकरं बसली की ताई विचारायच्या, "हा कोणता? ह्याच्यात हा मिसळला तर काय व्हईल?" उत्तर कधी आधी सांगायचं नाही. पिवळ्यात निळा फिरवला की हिरवा उगवायचा आणि वर्ग किंचाळायचा. पिवळ्यात लाल घातला की नारिंगी, लालात निळा घातला की जांभळा. चार वर्षांची ईश्वरी मात्र उलटंच विचारायची. कुठलाही रंग दिसला की तिचं सुरू, "ह्याच्यात काय काय मिसळलं?" एकदा माझ्या चहाकडे बघून तिनं हेच विचारलं. दूध आणि पत्ती सांगून मी सुटलो.

ईश्वरी व्यंकटरावांची नात. त्यांची हळद गावात सगळ्यांत जास्त, आणि ते दिवस हळद शिजवायचे. गावात प्रत्येकाचे हात, सदरे, पायऱ्यासुद्धा पिवळ्या. अशा गावात एखादं लेकरू पिवळं पडलं तर कुणाच्या लक्षात यावं?

ताईंच्या आलं. ईश्वरीनं त्या दिवशी रंगात बोट घातलं नाही, खिचडीचा घासही घेतला नाही, भिंतीला टेकून बसून राहिली. ताईंनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि डोळ्यांचं पांढरं बघितलं. ते पांढरं नव्हतं.

ताई तिला कडेवर घेऊन व्यंकटरावांच्या घरी गेल्या. ईश्वरीची आई संगिता म्हणाली, "रंगाची हळद लागली असंल, ताई."

"हळद हाताला लागती गं, डोळ्याच्या आत न्हाई. ही कावीळ हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, रक्त तपासा."

व्यंकटराव ओट्यावर होते. ते वाईट माणूस नाहीत. नातीवर जीव ओवाळून टाकणारा माणूस. पण कावीळ म्हटली की आमच्याकडे पावलं आपोआप दवाखान्याकडे नाही, नदीपलीकडच्या बाबांकडे वळतात. बाबा पैसाही घेत नाहीत, फक्त नारळ. म्हणून तर लोकांचा विश्वास दुप्पट.

"कावीळ बाबाच्या हातानं उतरती," व्यंकटराव म्हणाले. "तीन आइतवार. डागदरकडं काविळीला औषध हाय कुठं?"

ताईंनी फोन करून नर्सबाईंना बोलावलं. व्यंकटरावांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग ताई माझ्याकडे आल्या. "सर, मला आइतवारी गाडीवर बाबाकडं सोडा. त्यायच्या डोळ्यांदेखत दाखवते."

रविवारी आम्ही गेलो. कडुलिंबाखाली ही गर्दी. ईश्वरी आजी गोजरबाईंच्या मांडीवर, मान टाकून. बाबांनी तिच्या तळहातांवर आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळला, खाली पितळी ताट ठेवलं आणि वरून चुन्याची निवळी ओतली. ताटात पिवळं धमक पाणी जमलं. बायांनी हात जोडले. गोजरबाईंना रडू कोसळलं, आनंदाचं.

ईश्वरीनं ताटाकडे बघितलं आणि बारीक आवाजात विचारलं, "बाबा, ह्याच्यात काय काय मिसळलं?"

सगळे हसले. बाबाही हसले. "लई हुशार पोरगी," म्हणाले.

तेव्हा ताई पुढे झाल्या आणि त्यांनी आपले हात पुढे केले. आदल्या रात्री घासून धुतलेले, स्वच्छ. "बाबा, माझ्याबी हाताला तोच रस लावा. मला काईबी झालं न्हाई. बघू पानी कसं येतं."

मला मनातून फार बरं वाटलं. आता सगळ्यांना कळेल की आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळं होतंच, ते कुणाच्याही हातावर असो. बाबांनी रस चोळला, निवळी ओतली. पाणी पिवळं आलं. अगदी तसंच.

ताईंनी मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. "दिसलं का?"

दिसलं होतं. बाबांनी शांतपणे डोकं हलवलं. "बाई, तुमालाबी हाय की. तुमीबी तीन आइतवार या."

व्यंकटराव उठले. ते रागावलेही नव्हते, हेच वाईट होतं. "म्हंजे हिच्याकडूनच लागली लेकराला. हिच्या रंगातून," एवढंच म्हणाले. ताई बोलत राहिल्या. चुना, साल, दवाखाना, रक्त. त्यांचा आवाज चिरकत गेला, आणि जितका चिरकला तितके लोक मागे सरकले. मीही दोन वाक्यं बोललो, पण मास्तर असून माझंही कुणी ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर ताई मागे बसून रडत होत्या. मी गाडी चालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मोजकीच लेकरं आली. ताईंनी स्वतःचं रक्त तपासून घेतलं. काहीही नव्हतं. तो कागद घेऊन त्या व्यंकटरावांच्या दारात गेल्या, तर दार उघडलंच नाही. रोज जायच्या. आतून कधी ईश्वरीचं कण्हणं ऐकू यायचं, कधी तेही नाही. एकदा खिडकीतून संगिता दिसली. ताईंनी हात जोडले, तिनं खिडकी लावून घेतली.

तिसऱ्या रविवारी ताटातलं पाणी नितळ आलं. बाबांनी त्या दिवशी साल चोळलीच नसणार, पण ते बघायला तिथं ताई नव्हत्या. व्यंकटरावांनी गावभर पेढे वाटले. माझ्या घरीही आले. मी तो पेढा खिशात ठेवला, खाववला नाही.

त्याच संध्याकाळी ईश्वरी आईला ओळखेना. जीप करून तिला नांदेडला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, यकृत गेलंय, उशीर झाला. दोन दिवसांनी तिला परत आणलं, कापडात गुंडाळून.

तेराव्यानंतर एका दुपारी गोजरबाई अंगणवाडीत आल्या. मी शाळेच्या दारात उभा होतो. मला वाटलं, भांडायला आल्या. ताईंनाही तसंच वाटलं असावं, त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पण म्हातारी उंबऱ्यातच बसली. मग तिनं विचारलं,

"ताई, तुमाला ठावं असंल म्हून आले. शेवटाला पानी तर सफा आलं व्हतं की. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. मंग लेकरू काहून गेलं?"

ताई तिच्याजवळ खाली बसल्या. सांगायचं तर सगळं होतं त्यांच्याकडे, पहिल्या दिवसापासून. त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हातारीच्या डोळ्यांकडे बघून पुन्हा मिटलं.