कळीच्या डब्यातली मुळं

कॉलेजात जीवशास्त्राच्या मॅडमना मुलं तोफ म्हणायची. हे नाव मॅडमना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तोफ धडाडली की पलीकडच्या वर्गातला गणिताचा मास्तर फळ्यावरचा हात तसाच धरून थांबायचा. नवरा गेल्यावर घरात ओरडायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सगळा दारूगोळा प्रयोगशाळेत खर्च व्हायचा. वाईट बाई नव्हती. आजारी मुलाच्या घरी जाऊन शिकवून यायची, पण तिथेही आजारी मुलाला ओरडून यायची.

त्या आठवड्यात तोफेने प्रकल्प दिला होता. सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे पेशी विभागण्याच्या दोन रीती, दोन्हींची अवस्थेगणिक तुलना. पान मधोमध दुमडायचं, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. पुस्तकातून उतरवायचं नाही, सूक्ष्मदर्शकातून जे दिसेल तेच काढायचं. पहिल्या टेबलावर कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या काचपट्ट्या, कारण मूळ वाढतं ते सूत्री विभाजनाने. दुसऱ्या टेबलावर कांद्याच्या फुलाच्या कळीच्या, कारण कळीतल्या परागकोशात अर्धगुणसूत्री विभाजन होतं. यात जो नापास, तो वार्षिक परीक्षेला बसणार नाही, असा कॉलेजचा नियम होता.

वह्या तपासताना तोफ खूश होती. सगळ्यांच्या उजव्या बाजूला गुणसूत्रांच्या जोड्या कशा छान गळ्यात गळे घालून काढलेल्या! आणि मग एक पान आलं. त्यात डावी आणि उजवी बाजू हुबेहूब सारखी. पूर्वावस्थेत सुटी गुणसूत्रं, मध्यावस्थेत मधोमध एकेरी रांग, पश्चावस्थेत प्रत्येक गुणसूत्राचे दोन भाग होऊन दोन टोकांना निघालेले. खाली लिहिलं होतं, ‘मला दोन्ही टेबलांवर फरक दिसला नाही.’

पान होतं शेवटच्या बाकावरच्या मुलीचं. ही मुलगी मागच्या वर्षी याच विषयात अडकली होती. आता पुन्हा अडकली तर शिक्षण बंद आणि मावशीच्या दुकानात गल्ल्यावर बस, असं तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं.

“फरक दिसला नाही?” दुसऱ्या दिवशी तोफ भर वर्गात कडाडली. “डोळे आहेत की बटणं? आळशी कुठली! एक बाजू काढली आणि तीच दुसरीकडे उतरवली! शून्य! ऐकलंत सगळ्यांनी? शून्य!” आणि पानाचे दोन तुकडे करून तिच्या बाकावर टाकले.

मुलगी रडली नाही. तिने तुकडे उचलले, आणि तास संपल्यावर प्रयोगशाळेत जाऊन तोफेसमोर उभी राहिली. दोन्ही तुकडे तिने टेबलावर आपटले.

“मॅडम, मला जोड्या दाखवा.”

“काय?”

“तुम्ही म्हणता जोड्या असतात. मी दोन तास शोधल्या, मान मोडेपर्यंत. तुम्ही दाखवा, मग मी शून्य घेते.”

तोफेचा पारा चढला. इतकी वर्षं शिकवतेय आणि ही कालची पोर माझी परीक्षा घेते! तिने कळीच्या पट्ट्यांचा डबा ओढला, पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि भिंग फिरवताना तोंड चालूच ठेवलं. “हे बघ, कान उघडे ठेव. सूत्री विभाजनात गुणसूत्रं मधोमध एकेकटी उभी राहतात. अर्धगुणसूत्रीच्या पहिल्या फेरीत आईकडून आलेलं आणि बापाकडून आलेलं आधी एकमेकांना चिकटतं, तुकड्यांची अदलाबदल करतं, आणि जोडीनेच मधोमध येतं. मग सूत्रीत प्रत्येक गुणसूत्र उभं चिरतं, इथे पहिल्या फेरीत चिरत नाही, जोडीतलं अख्खंच्या अख्खं एकेक बाजूला जातं. म्हणून संख्या निम्मी होते. कांद्याची सोळा असतात, त्यांची आठ. दुसऱ्या फेरीत मात्र ती चिरतात, सूत्रीसारखीच. शेवटी तिकडे दोन सारख्या पेशी, इकडे चार, त्याही वेगवेगळ्या. आता ये, बघ ही जो...”

तोफ थांबली. पट्टी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. दुसरी पट्टी घेतली. तिसरी घेतली. पेशी चौकोनी होत्या, विटांसारख्या रांगेत रचलेल्या. परागकोशातल्या पेशी अशा नसतात, त्या गोलसर आणि सुट्या असतात. ही मुळं होती. कळीच्या डब्यात सगळी मुळंच होती.

“मामा!” तिने प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला हाक मारली. मामा आले ते हात पुसतच, आणि डब्याकडे पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

“कळ्या कुठे गेल्या?”

“उशीर झाला हो मॅडम. कळ्या उमलून गेल्या, आत नुसते तयार परागकण. विभाजन होऊन गेलेलं.”

“मग सांगायला तोंड नव्हतं?”

मामांनी मान खाली घातली. “सांगितलं असतं तर तुम्ही मला उभा फाडला असता. म्हटलं, दिसायला सगळं सारखंच. मुळाच्या पट्ट्या दोन्हीकडे ठेवल्या. तुम्हीसुद्धा त्या दिवशी भिंगात पाहिलं नाहीत.”

खरं होतं. त्या दिवशी तोफ दोन टेबलांच्या मधून ओरडत फिरत होती. सगळ्यांच्या डोक्यावर उभी होती, पण वाकून एकदाही पाहिलं नव्हतं. तिला मामांचा राग आला, वर्गाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. हा शेवटचा राग तिच्या सवयीचा नव्हता. तो कुणावर काढायचा हेच तिला कळेना.

पुढचा तास मोकळा असल्याने मुलं वर्गातच होती; ती तशीच तिकडे गेली. मुलगी मागून आली आणि आपल्या बाकावर बसली.

“दुसऱ्या टेबलावर जोड्या कुणाकुणाला दिसल्या?” तोफेने विचारलं.

शेवटच्या बाकावरची मुलगी सोडून सगळ्यांचे हात वर गेले. पहिल्या बाकावरच्या हुशार पोराचा तर सगळ्यांच्या आधी. तोफ त्या हातांकडे पाहत राहिली. मुळाच्या पेशीत कधीच न होणारी गोष्ट बाकी पूर्ण वर्गाने डोळ्यांनी पाहिली होती, रंगवून आणली होती, आणि तिने त्यावर शेरे मारले होते: छान, सुरेख, अप्रतिम. तिला वाटलं, एकेकाचा कान धरून बाहेर काढावं. पण हात वर करताना बरेच जण तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते का हे तिला नीट माहीत होतं.

“हात खाली,” ती म्हणाली. “त्या डब्यात मुळाच्याच पट्ट्या होत्या. तुम्ही सगळ्यांनी पुस्तक उतरवलंय. नव्या कळ्या मिळाल्या की सगळ्यांनी पुन्हा काढायचं.” मग टेबलावरचा खडू उगाच सरळ करत, स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटली, “तिचं बरोबर होतं. तिला पूर्ण गुण. माझंच चुकलं.”

पुढच्या दोन बाकांनी ऐकलं असेल नसेल. तोफ फळ्याकडे वळली.

“मॅडम.”

शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली होती. दोन्ही मुठी बाकावर टेकलेल्या, चेहरा लालबुंद.

“शून्य दिलंत तेव्हा शेजारच्या वर्गाला ऐकू गेलं होतं,” ती म्हणाली. “हे मला इथे बसून नीट ऐकू नाही आलं.”

हिची आता काही खैर नाही, असंच सगळ्यांना वाटलं. तोफेच्या मानेची शीर ताठ झाली, तोंड उघडलं. मग तिने खडू ठेवला, वर्गाकडे पूर्ण वळली आणि आपल्या नेहमीच्या, भिंती हलवणाऱ्या आवाजात म्हणाली, “तिचं बरोबर होतं! चूक माझी होती!”

पलीकडच्या वर्गातला मास्तर बोलता बोलता थांबला. मुलगी खाली बसली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.