तास न पाहिलेलं शिफारसपत्र

"तू हे वाचायचं नाहीस," मुख्याध्यापक ड्वाइट ऑस्टरमन म्हणाला. "अर्जात तसं लिहून दिलंयस. तेव्हा मी वाचतो, तू नुसती ऐक."

मार्लीन कुबिकला हसू आलं नाही. फेलोशिपच्या अर्जात एक चौकट असते: मुख्याध्यापक माझ्याबद्दल काय लिहितात ते पाहण्याचा हक्क मी सोडते. तिने ती चौकट प्रामाणिकपणे भरली होती. आणि हा माणूस सोमवारी सकाळी शाळेच्या ऑफिसात, दार सताड उघडं टाकून, तिचं शिफारसपत्र तिलाच वाचून दाखवत होता. बाहेरच्या टेबलावरची कारकून बेव्ह टाइप करायची थांबली होती, म्हणजे तीही ऐकत होती.

पत्र कौतुकाने ओसंडून वाहत होतं. एकोणीस वर्षांत मार्लीनने बसची ड्युटी एकदाही चुकवली नाही. बास्केटबॉलच्या सामन्यांना तिकीट खिडकीवर तीच बसते. मागच्या हिमवादळात बस अडकली तेव्हा बावीस मुलांना जिममध्ये तिनेच सांभाळलं. तिने आजवर एकाही मुलाला शिक्षेसाठी माझ्या ऑफिसात पाठवलेलं नाही. तिच्याशिवाय प्लम क्रॉसिंगची ही शाळा कशी चालेल, याची मला कल्पनाच करवत नाही.

"कसं वाटलं?" त्याने चष्मा काढून विचारलं.

"छान. शिपाई हवा असेल तर मला कोणीही डोळे झाकून ठेवून घेईल."

"आता काय झालं?"

"दुसरा प्रश्न वाचलास का तू? 'गेल्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः पाहिलेल्या एखाद्या तासाचं वर्णन करा.' ड्वाइट, मी गणित शिकवते. या अख्ख्या पत्रात गणित हा शब्द नाही."

त्याने कागद उलटा करून पाहिला, जणू मागे असेल. मग फाइलींचं कपाट उघडलं, तिची फाइल काढली आणि बराच वेळ तीच तीच पानं चाळत राहिला. शेवटी म्हणाला, "सहा वर्षं झाली, मी तुझा तास पाहून."

"मला माहीत आहे."

"तुझा शेरा उत्तम होता. उत्तम असलेल्यांचा तास तीन वर्षांतून एकदा पाहायचा असतो. मधली पाळी महामारीत गेली. नंतर... अगं, तुझी काळजीच नसते मला! माझे सगळे तास त्या नव्या शिक्षकाच्या, ब्रॉडीच्या वर्गात जातात. मागच्या आठवड्यात पोरांनी त्याचा स्टेपलर छताला चिकटवला."

"म्हणजे मीही एखादी खुर्ची खिडकीबाहेर जाऊ द्यायला हवी होती. तेव्हा आला असतास."

बाहेर बेव्ह खोकली.

मार्लीनला ती फेलोशिप पैशासाठी नको होती. दोन वर्षं, वर्षातून तीनदा, छोट्या गावांतले गणिताचे शिक्षक एकत्र बसतात आणि शिकवण्याबद्दल बोलतात, एवढंच तिला हवं होतं. प्लम क्रॉसिंगमध्ये आठवीचं गणित शिकवणारी ती एकटी. एखादा तास अफाट रंगला तर सांगायचं कोणाला? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "वा," आणि ट्रॅक्टरच्या पट्ट्याबद्दल बोलायला लागायचा. अर्जाची अट अशी, की नोकरी वीस वर्षांच्या आत हवी. तिचं एकोणिसावं वर्ष मे महिन्यात संपत होतं आणि दोन वर्षांनी निघणाऱ्या पुढच्या अर्जाच्या वेळी विसावं पूर्ण झालेलं असणार होतं. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, तीही पूर्वेकडच्या वेळेने. म्हणजे इथल्या, नेब्रास्कातल्या वेळेने चार.

"असं कर," ड्वाइट म्हणाला, "तो तासाचा भाग तूच लिहून दे. मी सही करतो. सगळे मुख्याध्यापक असंच करतात."

तिने मोकळ्या तासाला खरंच लिहायला घेतलं. 'मी मिसेस कुबिक यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलो होतो' हे पहिलं वाक्य. दुसरं, 'मुलांचे चेहरे मी पाहत होतो.' तिसऱ्या वाक्याशी ती थांबली. कोण पाहत होता? त्या बाकावर सहा वर्षांत कोणी बसलं नव्हतं. खोटं बोलायला तिला इतकं काही वाटलं नसतं, पण स्वतःच स्वतःचा तास चोरून पाहायचा आणि दुसऱ्याच्या तोंडून वा म्हणायचं, याची तिला लाज वाटली. तिने कागद फाडला आणि ऑफिसात जाऊन सांगितलं, "उद्या चौथ्या तासाला ये. पूर्ण तास बस. मग काय दिसेल ते लिही, वाईट दिसलं तर वाईट लिही."

मंगळवारी तो आला. बसला. दोन मिनिटांत कमरेचा वॉकीटॉकी खरखरला: जेवणघरात पहिलीतलं कोणीतरी ओकलंय, आणि ते बघून आणखी तिघं. तो गेला.

बुधवारी बदली शिक्षिका आलीच नाही. गावात बदलीवर येणाऱ्या एकूण दोघी, त्यातली एक सुनेच्या बाळंतपणाला ओमाहाला गेलेली. ड्वाइटने मार्लीनलाच विनवलं, "तुझ्या मोकळ्या तासाला तेवढं विज्ञानाच्या वर्गावर बसतेस का? चौथ्या तासाला मी कलेच्या वर्गावर आहे, नाहीतर आलो असतो."

ती बसली. 'नाही' म्हणता येत नाही हीच तर तिची कीर्ती होती, आणि त्या कीर्तीचं पत्र ड्वाइटच्या टेबलावर तयारच पडलं होतं.

गुरुवारी तो ब्रॉडीच्या वर्गात होता. मार्लीनने जाता जाता दाराच्या काचेतून पाहिलं. ड्वाइट मागच्या बाकावर वही मांडून बसला होता, शांत, सगळा वेळ जगात आपल्याचकडे असल्यासारखा. तिला इतका राग आला की वर्गात येऊन तिने खडू दोनदा मोडला.

दुपारी ती बेव्हला म्हणाली, "आज चार दिवस मी एका माणसाला माझ्या वर्गात बसवू पाहतेय. पोरांना बसवणं सोपं."

"शुक्रवारी दुसऱ्या तासाला तो रिकामा आहे," बेव्ह म्हणाली. "वॉकीटॉकी मी काढून घेते. पण ब्रॉडीकडे काही झालं, तर मी त्याला थांबवू शकणार नाही बाई, आधीच सांगते."

शुक्रवारी तो आला आणि मागच्या बाकावर गुडघे कोंबून बसला. मार्लीनने प्रत्येक जोडीला एकाच मापाचे दोन कागद, चिकटपट्टी आणि मक्याच्या दाण्यांचा एक डबा दिला. एक कागद उभा गुंडाळायचा, एक आडवा. एक नळी उंच आणि बारीक, दुसरी बुटकी आणि रुंद. दाणे कशात जास्त मावतील?

"सारखेच," अर्धा वर्ग ओरडला. "कागद तोच आहे ना!"

"उंच नळीत जास्त," बाकीचे म्हणाले.

मार्लीन खिडकीशी जाऊन उभी राहिली. पोरं भांडायला लागली. ज्यांचे बाप धान्याची कोठारं भरत होते ते जास्तच जोरात. एकाने फळ्यावर वर्तुळ काढलं, दुसऱ्याने ते पुसलं. टीगन नावाची मुलगी, जी एरवी आठवडाभरात एक वाक्य बोलायची, ती वळून म्हणाली, "मिस्टर ऑस्टरमन, तुम्हाला काय वाटतं?"

ड्वाइट गडबडला. "मी फक्त बघायला आलोय."

"पण वाटतं तर काहीतरी असेल ना?"

"सारखेच," तो म्हणाला. "कागद तोच आहे."

"मिसेस कुबिक, बरोबर आहे का?" कोणीतरी विचारलं.

"मला काय विचारता? दाण्यांना विचारा."

टीगनने उंच नळी रुंद नळीच्या आत उभी केली आणि काठोकाठ भरली. "आता मी आतली वर उचलणार. दाणे बाहेरच्या नळीत पसरतील. सारखं मावत असेल तर तीही काठोकाठ भरेल." अख्खा वर्ग त्या बाकाभोवती जमला. ड्वाइटही उठून आला होता. टीगनने नळीला हात घातला, आणि दारात बेव्ह उभी.

"ब्रॉडीचा वर्ग," ती एवढंच म्हणाली. "पोरांनी आग विझवायचं नळकांडं फोडलंय."

ड्वाइटने एकदा नळीकडे पाहिलं, एकदा मार्लीनकडे, आणि धावत गेला. तो बसला होता सतरा मिनिटं.

जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या दारात आला. बाहीवर पांढरी भुकटी. "काय झालं? सारखे मावले?"

"तास चुकवलास तर उत्तर मिळत नाही. हा नियम सगळ्यांना आहे."

"मार्लीन, सांग की!"

"दाणे तिथे आहेत. घेऊन जा."

तिचा आवाज तिलाच कडू वाटला, पण परत घेतला नाही. त्याने एक डबा उचलला.

तीन वाजून दहा मिनिटांनी, शाळा सुटायच्या आधी, ती ऑफिसात गेली. पत्र पोचल्याची सूचना अजून आली नव्हती. ड्वाइट दोन बोटांनी टाइप करत होता. टेबलावर, जमिनीवर, फोनच्या खाचांत मक्याचे दाणे. मधोमध कागदाच्या दोन नळ्या, एक उंच, एक बुटकी. बुटकीवर तिला ओळखीची ओळ दिसली: '...बसची ड्युटी एकदाही चुकवली नाही.' सोमवारच्या पत्राच्या दोन प्रती त्याने गुंडाळल्या होत्या.

"वाचू नकोस," तो मान वर न करता म्हणाला, आणि या वेळी खरंच संगणकाचा पडदा फिरवून घेतला. मग जरा चाचरत, "आज बसची ड्युटी माझी आहे. पण मी उठलो तर हे चारच्या आत होणार नाही. तू..."

मार्लीनने डोळे मिटले. दहापर्यंत मोजावं असं वाटलं, चारपर्यंतच मोजलं. "दे ते जॅकेट," ती म्हणाली.

बाहेर वारा सपासप लागत होता. पिवळं जॅकेट तिला गुडघ्यापर्यंत आलं. तिने सहा बसेस सोडल्या, एकाचं दप्तर शोधून दिलं, दुसऱ्याला चुकीच्या बसमधून उतरवलं, आणि दर मिनिटाला फोन पाहिला. तीन बावन्नला तो थरथरला: आपल्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र मिळालं आहे. आपला अर्ज पूर्ण झाला आहे.

त्यात काय लिहिलंय ते तिला आता कधीच कळणार नव्हतं. सतरा मिनिटांत बाई एक अक्षर शिकवत नाहीत, असंही लिहिलेलं असू शकेल.

जॅकेट परत ठेवायला ती आत गेली तर तिच्या टपालाच्या कप्प्यात एक पिवळा फॉर्म होता. तासाच्या निरीक्षणाचा. सहा वर्षांतला पहिला. हा मात्र वाचायचा तिला हक्क होता. खाली तिची सही लागतेच. ड्वाइटच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: 'शिक्षिका खिडकीशी उभ्या होत्या. उत्तर दिलं नाही. माझं स्वतःचं उत्तर चुकलं आणि दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. रुंद नळीत जास्त मावतं. का, ते अजून नीट कळलेलं नाही. पुढच्या वेळी पूर्ण तास.'

तिने तिथेच उभ्याने ते दोनदा वाचलं. मग खालच्या चौकटींवर नजर गेली. 'आजच्या तासाचं उद्दिष्ट फळ्यावर लिहिलेलं आहे का?' या प्रश्नासमोर त्याने इमानेइतबारे खूण केली होती: नाही. सुधारणा आवश्यक.

"बेव्ह, पेन दे," मार्लीन म्हणाली. "हा माणूस मला वेड लावणार."

शिक्षकाच्या अभिप्रायासाठी दोन ओळींची जागा होती. तिने एकच वापरली. 'लिहिलं असतं तर उत्तर फुटलं असतं,' असं लिहून तिने सही केली आणि फॉर्म ड्वाइटच्या दाराखालून आत सरकवला.