जाण्या-येण्याचं तिकीट

"आपल्या डोळ्यानं पाहून घेतो." कोणत्याही कामाआधी इतवारी नान्हेचं हे वाक्य ठरलेलं. भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरजवळच्या त्याच्या गावात तळ्यात सोडायला मत्स्यबीज आलं, की तो एकेक पिशवी उजेडात धरून बघायचा. पिल्लं हलताना दिसली तरच पाण्यात सोडायचा.

म्हणून पोराच्या विमानाचं तिकीट काढायलाही तो स्वतः भंडाऱ्याला आला. हेमराज म्हणाला होता, "बाबा, तुमी फक्त कार्ड द्या, मी काढून आणतो." इतवारीनं कार्ड दिलं नाही. हेमराजला शारजात गोदामाचं काम लागलं होतं, दोन वर्षांचं. ते जमवलं होतं त्याच्या मामानं, सेवकरामनं. नान्हेंच्या घरातून परदेशी जाणारा हा पहिलाच, आणि ते तिकीट दुसऱ्या कोणी काढावं हे इतवारीला मंजूर नव्हतं.

बसस्टँडसमोरच्या सायबर कॅफेत टीना बसायची. तिनं इतवारीला स्क्रीन दिसावी म्हणून खुर्ची जवळ ओढून दिली.

"काका, नुसतं जायचं की जाणं-येणं दोन्ही?"

"नुसतं जाचं. कामाले चालला तो."

"दोन्ही काढ," हेमराज मधेच बोलला. "परतीचं महिन्याच्या आतलं टाक."

इतवारी त्याच्याकडे बघत राहिला. "दोन वर्षांचं काम न्? महिन्यात काहून येतोस?"

"तारीख मंग बदलवता येते, बाबा."

"येते, पण बदलायचे पैसे लागतात," टीना म्हणाली.

पोराला जायच्या आधीच परत यायची ओढ लागली, असं त्याला वाटलं, आणि आतून फार बरं वाटलं. घरी बायकोला, रेवताबाईला, हे कसं सांगायचं, तेही त्यानं मनात जुळवून टाकलं.

टीनानं नागपूर ते शारजा निवडलं. विमान पहाटेचं होतं. "काका, पहाटेचं म्हणजे आदल्या रात्रीच घरून निघायचं. तीन तास आधी पोचावं लागते. कितीतरी लोक इथंच चुकतात, तारखेच्या दिवशी संध्याकाळी बॅग घेऊन जातात."

"मंजे तवर विमान गेलं?"

"कवाचंच."

मग नाव आलं. इतवारीनं नेहमीसारखं सांगितलं, "लिही, हेमराज इतवारी नान्हे." टीनानं पासपोर्ट उघडून समोर धरला. आडनावाची चौकट वेगळी होती. पोराचं आणि बापाचं नाव दुसऱ्या चौकटीत एकत्र गेलं. "पासपोर्टात आहे तसंच पाहिजे. अक्षर चुकलं तर काउंटरवर थांबवतात." तिनं टाईप केलेलं प्रत्येक अक्षर इतवारीनं पासपोर्टाशी ताडून पाहिलं. त्याचं नाव पोराच्या नावाला चिकटून विमानात चाललं होतं.

पासपोर्टाची मुदत प्रवासानंतर सहा महिन्यांहून जास्त आहे, हे बघितलं. मोठ्या बॅगेच्या वजनाचे वेगळे पैसे धरले. मोबाईल नंबर इतवारीचा टाकला. शेवटी कार्ड.

"आता तुमच्या फोनवर ओटीपी येईल. तो सांगितला की पैसे गेले समजा. या तिकिटात रद्द केलं तर फार थोडे परत मिळतात. हेमराज, व्हिसा आहे न तुझ्याजवळ?"

"आहे. तू भर पैसे."

फोन वाजला. इतवारीनं आकडे पाहिले आणि फोन छातीशी धरला.

"व्हिसा दाखव आंधी. पाहून घेतो."

"तुमाले त्यात काय समजते, बाबा?"

"तिले समजते."

हेमराजनं बराच वेळ मोबाईल चाळला आणि टीनापुढे धरला. तिनं वाचलं, पुन्हा वरून वाचलं. "काका, हा फिरायला जायचा व्हिसा आहे. तीस दिवसांचा. यावर काम करता येत नाही."

"मामा म्हणे, तिथं कंपनी व्हिसा बदलवून देते," हेमराज खाली बघत म्हणाला.

"आणि नाही दिला तर?" टीनानं पासपोर्टवरचा शिक्का दाखवला. "दहावी नापास आहेस न, म्हणून हा लावलाय. तिकडं कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते. ती चुकवायलाच हे परतीचं तिकीट. विमानतळावर दाखवायला."

इतवारीला कळायला थोडा वेळ लागला. परत यायला नव्हतंच ते तिकीट.

"तुले माईत होतं?"

"मामानं सांगतलं, घरी बोलू नोको म्हणून. इमिग्रेशनवाल्यानं विचारलं तर फिराले चाललो म्हणाचं."

"त्याले खोटं सांगशील ते ठीक," इतवारी हळू बोलला. "मले काहून?"

"तुमी जाऊ देल्लं असतं का?"

सेवकरामला त्यानं स्वतःच्या पंगतीत बसवून तळ्यातली सगळ्यात मोठी मासोळी वाढली होती. ती खाताना तो गोदामातल्या पंख्यांचं वर्णन करत होता, आणि शेजारी बसलेला हेमराज मान हलवत होता.

"काका, वेळ संपून राहिली," टीना म्हणाली. "सांगता का आकडे?"

"बाबा, सांगा न."

इतवारीनं ओठ उघडले नाहीत. स्क्रीनवर व्यवहार झाला नसल्याचं आलं. टीनानं कार्ड परत दिलं. त्यानं ते खिशात घातलं, पासपोर्ट मात्र पोरासमोर तसाच ठेवला.

"तुह्यं तू पाह्य आता."

तो पायरी उतरून बसस्टँडकडे चालू लागला. दारात हेमराज उभा होता आणि काचेआडून टीना बघत होती. गावची बस लागलेली होती, पण रेवताबाईला आता काय सांगायचं ते जुळत नव्हतं; इतवारी बस सोडून पुढे चालत गेला.