चौथा विषय, मंजुरीसाठी

चाकणजवळच्या कामगार वस्तीत आमच्या ट्रस्टचं पाळणाघर आहे. त्याचं ऑफिस मी नऊ वर्षं सांभाळते आहे. भरती, हजेरी, पत्रव्यवहार आणि सभांची इतिवृत्तं, सगळं माझ्याकडे. पाळणाघरासाठी पाच जणांची उपसमिती आहे आणि तिच्यावर विश्वस्त मंडळ. उपसमितीने काय करायचं, हे मंडळानेच ठराव करून दिलेलं आहे. मुलांचे प्रवेश, खाऊ, किरकोळ दुरुस्ती हे ती स्वतः ठरवू शकते. नवीन माणूस नेमणं किंवा उघडण्याची वेळ बदलणं या बाबतीत ती फक्त शिफारस करू शकते. म्हणून मी इतिवृत्ताचे दोन भाग करते. पहिल्या भागात झालेले निर्णय, मंडळाच्या माहितीसाठी. दुसऱ्या भागात शिफारशी, मंडळाच्या मंजुरीसाठी. पहिल्या भागाची मंडळ नोंद घेतं. दुसऱ्या भागातलं मात्र मंडळ हो म्हणेपर्यंत काहीच होत नाही.

त्या महिन्याच्या सभेत चौथा विषय होता पाळणाघर सकाळी नऊऐवजी साडेपाचला उघडण्याचा. त्यासाठी एक जादा सेविका लागणार होती. पालकांची बाजू मांडायला आम्ही एका आईला बोलावलं होतं. परभणीकडची, वायरिंगचे जोड तयार करणाऱ्या कंपनीत कामाला. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. तीन वर्षांची मुलगी आमच्याकडे यायची. आईची जनरल शिफ्टची, म्हणजे दिवसपाळीची, लाइन बंद होणार होती. एक तारखेपासून पहिली शिफ्ट घ्या, नाहीतर जागा दुसरीला जाईल, असं कंपनीने सांगितलं होतं. कंपनीची बस सहाला नाक्यावर यायची.

ती उभी राहूनच बोलली. ‘‘मला दुसरं काही नको. लेकरू सहाच्या आत कुठं ठेवू, तेवढं सांगा.’’

उपसमितीचे अध्यक्ष मोठ्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. मनाने अतिशय चांगले. त्यांनी टेबलावर हात ठेवला. ‘‘झालं, ठरलं. एक तारखेला साडेपाचला दार उघडेल.’’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिने हात जोडले.

मी तिच्यामागून व्हरांड्यात गेले. ‘‘ताई, हे अजून मंडळाकडे जायचंय. ते मंजूर झाल्याशिवाय...’’

‘‘पण साहेब ठरलं म्हणले की.’’

अध्यक्ष दारात येऊन ऐकत होते. ‘‘अहो मॅडम, घाबरवू नका तिला. ती कागदाची बाब आहे, होऊन जाईल.’’

ती माझ्याकडे बघून हसली. मी सांगायचं ते सांगितलं होतं. अध्यक्षांसमोर त्याहून मोठ्याने सांगायचं धाडस मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीत पहिल्या शिफ्टला होकार देऊन टाकला.

इतिवृत्ताचा मसुदा घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. पहिले तीन विषय निर्णयांत, चौथा शिफारशींत. मी लिहिलं होतं, ‘पाळणाघर सकाळी साडेपाचला उघडावे व त्यासाठी एका सेविकेचे पद निर्माण करावे, अशी मंडळास शिफारस करण्यात येत आहे.’

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘‘शिफारस? आपण ठरवलंय ना?’’

‘‘आपल्याला तो अधिकार नाही, सर. नवीन पद आहे.’’

‘‘निर्णय झाला असं लिहा. मंडळ नोंद घेईल आणि पुढे जाईल. कोण एवढं वाचतं?’’

‘‘आणि वाचलं तर? सेविका कामावर आलेली असेल आणि तिचं पदच नसेल. काही झालं तर आपण सगळे अडकू. तिलाही घरी पाठवावं लागेल.’’

त्यांनी कागद परत जवळ ओढला. मग त्यांनी सही केली. ‘तातडीचे’ हा शब्द घालायला सांगितला, तो मी शिफारशीच्या सुरुवातीला घातला. त्याहून जास्त काही त्यांना करता येण्यासारखं नव्हतं, मलाही नव्हतं.

मंडळाची सभा पंचवीस तारखेला होती. गणपूर्ती झाली नाही. एक विश्वस्त आजारी, दोघे परगावी. सभा तहकूब. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. मंजुरी आधी देऊन ठराव नंतर घेता येईल का, असं विचारलं. त्यांनी नियम नीट समजावून सांगितला. अशी आधीची मंजुरी ते रोजच्या कामकाजाला देऊ शकत होते. नवीन पदाला नाही. ते बरोबर होतं. ते चुकत असते तर भांडता तरी आलं असतं.

सभा तहकूब झाल्याचं मी तिला सांगितलं होतं, तरी साहेबांच्या शब्दावर एक तारखेला ती साडेपाचला मुलीला घेऊन आली असणार. आमचं दार बंद होतं. मी नऊला पोचले तेव्हा सफाईवाल्या मावशींनी सांगितलं, ‘‘पायरीवर बसली व्हती, मग शेजारणीकडं पोरीला ठेवायला गेली.’’

चार दिवसांनी सुट्टी काढून ती ऑफिसात आली. शेजारीण बाळंतपणाला माहेरी निघाली होती.

‘‘मॅडम, किल्ली माझ्याकडं द्या. मी दार उघडते, बसमधल्या आणखी दोघींची लेकरं हायत. तिघींतली एक पाळीपाळीनं खाडा करून नऊपर्यंत थांबंल.’’

मला नाही म्हणावं लागलं. आमच्या माणसाशिवाय तिथे मूल ठेवणं मी कशी मान्य करणार? एखादं मूल पडलं, कुणाला काही झालं, तर? हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. 

‘‘म्हणजे ठरलं न्हवतंच,’’ ती म्हणाली.

‘‘नव्हतं.’’

‘‘तुमी सांगितलं होतं. मीच न्हाई ऐकलं.’’

तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला नाही.

कंपनीत परत जनरल मागायला गेली, तर ती लाइनच उरली नव्हती. दोन आठवडे तिने कशीबशी शिफ्ट केली, मुलीला रोज वेगळ्या घरी ठेवून. मग तिची बहीण आली आणि मुलीला परभणीला घेऊन गेली.

मंडळाची तहकूब सभा पुढच्या महिन्यात झाली. चौथ्या विषयावर एका विश्वस्तांनी इतक्या पहाटे सुरक्षा कोण बघणार, असं विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यासाठी विषय उपसमितीकडे परत आला. मी पुन्हा दोन भाग केले, पुन्हा तो दुसऱ्या भागात गेला. त्यानंतरच्या सभेत एकमताने मंजूर झाला. आता साडेपाचला दार उघडतं आणि पंधरा-सोळा मुलं अर्धवट झोपेत येतात.

आमचे अध्यक्ष मला एकदा म्हणाले, ‘‘तुम्ही निर्णय लिहिला असता तर ती पोर इथं असती.’’ रागाने नव्हे. मी म्हटलं, ‘‘असती कदाचित.’’ कदाचित मंडळाने तो रद्दही केला असता. मला खरंच माहीत नाही. उपसमितीच्या कार्यकक्षेचा मंडळाचा ठराव काढून मी परत परत वाचला. चुकलेली ओळ सापडली नाही.

मंजुरीच्या दिवशी मी तिला फोन केला. ‘‘ताई, झालं मंजूर. आता मुलीला आणता येईल.’’

मागे मशीनचा आवाज येत होता. ‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्या बायांचं होईल.’’

‘‘आणि तुमची?’’

‘‘ती तिकडं रमलीय, मॅडम. मावशीलाच आई म्हणायलीय. आता मधीच उचलून आणायचं म्हणजे...’’ सुपरवायझरने हाक मारली असावी. तिने घाईत ‘‘ठेवते हं’’ म्हटलं.