‘बट’ने सुरू होणारं वाक्य

आमची कंपनी सोसायट्यांच्या लिफ्टची देखभाल करते. ऑफिस अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीच्या एका जुन्या इमारतीत. लिफ्ट बंद पडली की सोसायटीचा सेक्रेटरी मेल करतो आणि त्याला इंग्रजीत उत्तर लिहायचं काम आम्हा दोघींचं. मी बोरिवलीची, माझी मैत्रीण वाकोल्याची. ती मराठी शाळेत शिकली, इंग्रजी कामावर लागल्यावर मेहनतीने कमावलं. तिचे मेल छोटे आणि सरळ असायचे. लोक वाचायचे, कळायचं, प्रश्न संपायचा.

मग नवे मॅनेजर आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं की यापुढे अँड, बट, सो किंवा बिकॉज या शब्दांनी वाक्य सुरू झालं तर मेल बाहेर जाणार नाही. प्रत्येक मेल आधी त्यांच्याकडे जाणार, ते लाल करून परत पाठवणार.

लाल व्हायचे ते बहुतेक तिचेच मेल. माझेही व्हायचे, पण माझ्याशी ते हसून बोलायचे. तिला मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, “मराठी मीडियमची सवय आहे ही. इंग्रजीत असं चालत नाही.”

“सर, कुठे लिहिलंय चालत नाही असं?” मी विचारलं.

“शाळेत शिकवतात. सहावी-सातवीत.”

शाळेत शिकवतात हे खरं. मुलं ‘आणि मग, आणि मग’ करत निबंध लांबवतात म्हणून बाई सरसकट बंदी घालतात. पण ती लहान मुलांसाठी घातलेली बंदी, व्याकरणाचा नियम नव्हे. वर्तमानपत्रांत, पुस्तकांत बटने सुरू झालेली वाक्यं पानोपानी सापडतात. मी एक-दोन दाखवलीही. “ते लेखक आहेत, आपण लेखक नाही,” एवढंच उत्तर मिळालं.

माझं डोकं तेव्हापासूनच तापलेलं होतं. मैत्रीण म्हणायची, “जाऊ दे ना गं. ‘हाउएव्हर’ टाकते आणि पाठवते.” ती खरंच हाउएव्हर टाकत बसायची. ज्या मेलला पूर्वी दोन मिनिटं लागायची त्याला अर्धा तास. जेवणाचा डबा टेबलावर तसाच.

आणि मग मुलुंडच्या एका सोसायटीचं प्रकरण झालं.

तिथल्या लिफ्टचा दरवाजा कुणी मध्ये असताना थांबत नव्हता. दरवाजाचा सेन्सर खराब होता, नवा यायला काही दिवस लागणार होते. आमच्या टेक्निशियनने लिफ्ट चालवून पाहिली, ती चालत होती, मग मुख्य स्विच बंद करून तो निघाला. मैत्रिणीने लिहिलं की लिफ्ट तपासली आहे, ती चालते. त्यापुढे नवं वाक्य: ‘बट प्लीज कीप इट स्विच्ड ऑफ’, नवा सेन्सर बसेपर्यंत.

मॅनेजरांनी दोन्ही वाक्यं जोडली. लिफ्ट चालू स्थितीत आहे, हाउएव्हर सेन्सर बदलण्याचं काम पूर्ण होईपर्यंत वापर टाळावा. ‘मे बी अव्हॉइडेड’. बट गेला, बंद ठेवा गेलं, राहिली एक लांबलचक शेपटी.

मेल तिच्या नावाने गेला. दोन दिवसांनी सेक्रेटरीचा फोन आला. एक म्हाताऱ्या आजी आत शिरताना दरवाजा त्यांच्या हातावर मिटला होता. हाड मोडलं नाही, पण मनगट टम्म सुजलं होतं.

“स्विच कोणी चालू केला?” मैत्रिणीने फोनवर विचारलं.

“मीच केला! चालू स्थितीत आहे असं तुम्हीच लिहिलंय. टाळावा म्हणजे शक्यतो वापरू नका, असंच ना? सातव्या मजल्यावरची माणसं किती टाळणार? बंद ठेवा असं कुठे लिहिलंय सांगा मला!”

तिने “सॉरी सर” म्हटलं, पुन्हा पुन्हा म्हटलं. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले आणि म्हणाले, “तू क्लायंटला नीट समजावायला हवं होतंस.”

मी उठले. इतक्या मोठ्याने मी ऑफिसात कधी बोलले नव्हते. “समजावलं होतं तिने! तुम्ही पुसलंत ते! तिचं मूळ वाक्य काढा ना सर, सगळ्यांसमोर वाचा!” ते म्हणाले, टोन सांभाळ. मी म्हटलं, टोन गेला खड्ड्यात.

तीच गोष्ट मी सर्व्हिस विभागाच्या प्रमुख मॅडमकडे नेली. दोन्ही मेल शेजारी शेजारी ठेवले. मॅडमनी वाचले, चष्मा काढला आणि मैत्रिणीला विचारलं, “मग कधीच बदलायचं नाही का? तुझे सगळे बट बरोबर?”

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “माझेही काही बदलायला हवे होते.”

मग दुपारभर आम्ही तिघी जुने मेल बघत बसलो. एका मेलमध्ये तिने लिहिलं होतं: उशिराबद्दल माफ करा. त्यापुढे बट, तुम्ही कळवलंच उशिरा. तिथे बट माफी परत घेत होता. काढला. माझ्या एका मेलची सुरुवात होती, सो तुम्ही सर्व्हिस करून घेतली नाही. तक्रार करणाऱ्या माणसाला ते झापल्यासारखंच वाटणार. तोही काढला. आणखी एकात ‘बिकॉज द पार्ट इज नॉट इन स्टॉक’ एवढंच, आणि लगेच पूर्णविराम. त्याला पुढचा भागच नव्हता, कारण सांगितलं पण कशाचं ते वाक्यात नव्हतं. ते मागच्या वाक्याला जोडलं. तेच बिकॉज सुरुवातीला ठेवून पुढे ‘वुई विल कम ऑन मंडे’ लिहिलं असतं तर वाक्य पूर्ण झालं असतं, त्याला हात लावायची गरज नव्हती. एका मेलमध्ये सलग तीन वाक्यं अँडने सुरू होत होती. दोन अँड काढले, एक ठेवला. वकिलाला किंवा विमा कंपनीला जाणाऱ्या पत्रात मात्र हे शब्द सुरुवातीला शक्यतो नकोत असं ठरलं, कारण तिथे वाचणारी माणसं जुन्या वळणाची असतात.

आणि धोक्याची सूचना? ती वेगळ्या छोट्या वाक्यात, बटने सुरू झाली तरी बेलाशक. नुसता बट वाचवून भागत नाही, हेही मॅडमच म्हणाल्या. बंद ठेवायचं असेल तर बंद ठेवा लिहा, टाळावं नको.

फर्मान मागे घेतलं गेलं. चूक झाली, असं कुणी म्हटलं नाही. आजींच्या घरी मॅडम आणि मैत्रीण जाऊन आल्या. मॅनेजर गेले नाहीत.

पुढच्या सोमवारी सगळ्या ऑफिसला मेल आला, ‘ईमेल लिहिण्याच्या नव्या सूचना’. आमच्या त्या दुपारच्या सगळ्या गोष्टी, तिचेच शब्द, तिचीच उदाहरणं. खाली सही मॅनेजरांची.

ती वाचून हसली. “झकास लिहिलंय ना?” म्हणाली. मला हसू आलं नाही. मी सगळ्यांना जाईल असं उत्तर टाकलं की हे काम कुणाचं आहे आणि कुठल्या मेलमुळे करावं लागलं.

लगेच बोलावणं आलं. “हे टीमचं काम आहे,” मॅनेजर म्हणाले. “नावं कशाला?”

“चूक झाली तेव्हा नाव तिचं होतं सर. तेव्हा टीम कुठे गेली होती?”

दोन दिवसांनी सूचना पुन्हा आल्या. शेवटी बारीक अक्षरात तिचे आभार मानले होते, तिचं आडनाव चुकीचं लिहून. मी पुन्हा उत्तर लिहायला घेतलं तर तिने माझा हात धरला. “ते मी लिहिते,” म्हणाली, आणि स्वतःच्या खुर्चीवर जाऊन बसली.